उधारीचे दिवस

६ जानेवारी २०२५, सोमवार

कल्याणच्या एका कॉलेजातून फोन आला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी धंद्याबद्दल दोन तास बोलायचे आहे, त्यासाठी माझी ओळख हवी, आठ-दहा ओळींत. सोबत मागच्या वक्त्याची ओळख नमुना म्हणून पाठवली आहे. त्यात ‘अपयश’ हा शब्द कुठेच नाही. ‘एका प्रवासाची सांगता’ आहे, ‘अनमोल शिकवण’ आहे.

मीही रात्री तसेच लिहिले. ‘भिवंडीतील रिकाम्या यंत्रमागांना काम मिळवून देणारी कंपनी मी २०२१ मध्ये सुरू केली. तीन वर्षांच्या या वाटचालीत मी खूप काही शिकले.’ सकाळी बाबांना वाचून दाखवले. बाबा एकतीस वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता होते, थान मोजण्यापासून पगार वाटण्यापर्यंत सगळे त्यांच्या हातून गेलेले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “काय शिकलीस, ते कुठे लिहिलंयस?”

उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. चार महिने झाले कंपनी बंद होऊन. ‘शिकले’ हा शब्द मी नातेवाइकांना, मैत्रिणींना, बँकेतल्या साहेबांनाही सांगितला आहे. पण त्या शब्दापुढे काय येते ते एकदाही लिहून काढले नाही. ओळख द्यायला तीस तारखेपर्यंत मुदत आहे. तोवर रोज थोडे लिहीन.

९ जानेवारी, गुरुवार

आज नारपोलीतल्या आमच्या जुन्या गाळ्यात गेले होते. तपासणीचे टेबल विकले गेले, ते न्यायला टेम्पो यायचा होता.

टेबल म्हणजे तिरकी काच, खाली ट्यूबलाइट, वर-खाली दोन रोलर. कापड हळूहळू काचेवरून सरकते आणि खालच्या उजेडात सगळे दोष उघडे पडतात. तुटलेल्या ताण्याची उभी रेघ दिसते. धोट्यातली कांडी बदलताना राहिलेली बाण्याची विरळ पट्टी दिसते. तेलाचा डाग तर लांबूनच दिसतो. आमच्याकडे दोन मुली तपासायच्या, आणि मोजणी चार गुणांच्या पद्धतीने व्हायची. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार, आणि एका वारात चारपेक्षा जास्त नाही. मग शंभर चौरस वारांमागे किती गुण पडले ते काढायचे. शेवटचे थान माझ्या वहीत अजून आहे: लांबी १०० मीटर, पन्हा ५० इंच, दोषांचे गुण ५२. शंभर मीटर म्हणजे १०९ वार आणि थोडे, पन्ह्याशी गुणून साधारण १५२ चौरस वार. म्हणजे शंभर चौरस वारांमागे ३४ गुण. आमच्या गिऱ्हाइकांशी चाळीसची हद्द ठरलेली होती, तेव्हा थान पास.

ही पद्धत जगभर चालते, पण भिवंडीत जॉबवर ग्रे कापड विणणारे बहुतेक जण ती वापरत नाहीत. इथे सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचा, मजुरी पिकावर. दोष निघाला की वाद होतो आणि बिलातून काहीतरी कापले जाते. आम्ही दोषाचा आकडा कागदावर आणला, तेव्हा कारखानदारही खूश झाले आणि कपडे शिवणारे गिऱ्हाईकही. कल्पना सुचली ती २०२० च्या मे महिन्यात. भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरकडे श्रमिकांची गाडी गेली, आणि आमच्या गल्लीतला खडखडाट थांबला. जन्मापासून ऐकलेला आवाज थांबला की झोप लागत नाही, हे तेव्हा कळले. कामगार परतले तरी कित्येक माग रिकामेच राहिले, काही वजनावर भंगारात गेले. रिकामा माग आणि कापड हवे असलेला माणूस यांना जोडायचे, मध्ये सूत आम्ही घ्यायचे, दर्जाची हमी आम्ही द्यायची, हा आमचा धंदा.

कल्पना चुकीची नव्हती, हे मी आजही ठामपणे म्हणते. काम चांगले होते, कापड चांगले जात होते. म्हणूनच दोष कुठे होता ते शोधायला मला इतका वेळ लागला.

टेम्पोवाल्याने काच घोंगडीत गुंडाळून नेली.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी बाबांनी पाठकोरा कागद घेतला. “एका मीटरचा हिशेब मांड. कंपनीचा नको, एका मीटरचा.”

२०२३ मध्ये आम्ही सर्वांत जास्त विणून घेतलेले सुती कापड घेतले: तीस नंबरचे सूत, पन्हा ५० इंच, इंचाला ५६ पिक. ताणा आणि बाणा मिळून मीटरला सव्वाशे ग्रॅम सूत, २४० रुपये किलोने ३० रुपये. ताण्याला खळ आणि बीम भरणे १ रुपया ६० पैसे. विणाई पिकाला १० पैसे, म्हणजे ५ रुपये ६० पैसे. तपासणी, टेम्पो, पगार, गाळ्याचे भाडे मिळून १ रुपया ६० पैसे. एकूण ३८ रुपये ८०. विक्री ४० रुपये. मीटरला सुटतात १ रुपया २० पैसे.

हा कागद माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. गुंतवणूक करणाऱ्यांना मी हाच दाखवला होता. महिन्याला लाख मीटर, म्हणजे एक लाख वीस हजार नफा.

बाबांनी खाली एक रेघ मारली आणि विचारले, “आता दिवस लिही.”

सूत रोखीने घ्यायचे, तो पहिला दिवस. खळ लागणे, बीम येणे, जुन्या बीमची टोके नव्याला जोडणे, माग मोकळा व्हायची वाट, विणाई, तपासणी, पोचवणे: सरासरी ३५ दिवस. नंतर गिऱ्हाइकाची उधारी. कागदावर साठ दिवस, प्रत्यक्षात पंचाण्णव. म्हणजे मीटरमागे घातलेले ३८ रुपये ८० पैसे १३० दिवसांनी परत येत होते. उसना पैसा आम्हाला महिन्याला दीड टक्क्याने मिळायचा, म्हणजे मीटरला महिन्याचे व्याज ५८ पैसे. १३० दिवसांचे अडीच रुपये. विणाईची मजुरी जरा उशिरा जाते, त्याचे दहा पैसे बाबांनी प्रामाणिकपणे कमी केले. तरी २ रुपये ४० पैसे.

सुटतात १ रुपया २०. व्याज २ रुपये ४०.

मी कागद हातात घेऊन बसून राहिले. आमच्या नफ्याला फक्त बासष्ट-त्रेसष्ट दिवसांचे व्याज पेलत होते. त्यातले पस्तीस तर कारखान्यातच जायचे. म्हणजे गिऱ्हाइकाला महिनाभरापेक्षा जास्त उधारी देणे आम्हाला परवडणारच नव्हते, आणि मी साठ दिवसांच्या कागदावर सही करून आनंदाने घरी पेढे आणले होते.

पण मग पहिले वर्ष कसे चालले? त्याचेही उत्तर त्याच कागदावर निघाले. तेव्हा साठ हजार मीटरचे काम होते आणि गिऱ्हाईक तीस दिवसांत पैसे द्यायचे. पासष्ट दिवसांच्या फेऱ्याला ५० लाख पुरत होते, आणि भागभांडवल बरोबर ५० लाख होते. आपल्या पैशाला व्याज द्यावे लागत नाही, म्हणून तो मी फुकट धरला. काम लाख मीटरवर गेले आणि फेरा १३० दिवसांचा झाला, तेव्हा १ कोटी ६८ लाख लागायला लागले. वरचे १ कोटी १८ लाख उसने. त्याचे व्याज महिन्याला पावणेदोन लाखांवर, आणि नफा एक लाख वीस हजार. काम जितके वाढवले तितकी खाली गेले.

बाबा म्हणाले, “आमच्या शेठना हे तोंडपाठ असायचं. दर विचारायच्या आधी ते ‘पैसे किती दिवसांनी’ विचारायचे.”

मला राग आला. बाबांचा नाही, घरात हा माणूस असताना मी कधी विचारले नाही, याचा.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन पद्मानगरला अण्णांकडे गेले. अण्णांचे आजोबा तेलंगणातून आले, विणकरांचे घराणे. अण्णांचे चोवीस माग आहेत आणि त्यातले बारा तीन वर्षे आमच्या कामावर होते. घरी तेलुगू, कारखान्यात हिंदी, माझ्याशी मराठी.

मला माफी मागायची होती. आम्ही कुणाचे देणे बुडवले नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते. ते खरे आहे. अण्णांचे शेवटचे बिलही ऑक्टोबरात चुकते केले. पण ठरले होते पंधरा दिवसांत द्यायचे, आणि शेवटच्या वर्षभर आम्ही सत्तराव्या दिवशी देत होतो.

अण्णांनी तिळगूळ तोंडात टाकला. “पोरी, बारा मागांचं महिन्याला सव्वीस हजार मीटर कापड. मजुरी एक लाख पंचेचाळीस हजार. पंचावन्न दिवस जास्त थांबलो म्हणजे माझे अडीच लाखांवर पैसे कायम तुझ्याकडे अडकून होते. कारागिराचा पगार पंधरवड्याला. तो थांबत नाही. त्याचं घर आझमगडला आहे.”

“मग तुम्ही कुठून देत होता?”

त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. वहिनी पुरणपोळ्या लाटत होत्या. “तिच्या बांगड्या दोनदा ठेवल्या. सोडवल्या पण. तू कशाला रडतेस?”

कायदा मला माहीत होता. छोट्या उद्योगाचे बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, नसेल तर पंधरा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे २००६ पासून आहे. अण्णांची उद्यम नोंदणी मीच करून दिली होती. मी विचारले, व्याज का मागितले नाही?

“मागितलं असतं तर पुढचं बीम कुणी दिलं असतं?”

परत येताना कल्याण नाक्यावर गाडी अर्धा तास अडकली, आणि मी तेवढा वेळ हातातल्या तिळाच्या डब्याकडे बघत होते. ‘तीन वर्षांत मी खूप शिकले.’ त्या शिक्षणाची फी कुणी भरली, हे माझ्या आठ ओळींत कुठेच नव्हते.

१८ जानेवारी, शनिवार

सीएंकडे. जीएसटी नोंदणी रद्द झाली आहे, आता आदेशापासून तीन महिन्यांच्या आत शेवटचे विवरणपत्र GSTR-10 भरायचे. मला वाटत होते की त्यानंतर STK-2 भरले की कंपनी संपली. तसे नाही. नाव काढून टाकायचा आपणहून अर्ज करायला सगळी देणी फिटलेली हवीत, हे आहेच. पण धंदा चालवून बंद केलेल्या कंपनीने लागोपाठ दोन आर्थिक वर्षे काहीच केलेले नसावे लागते. आमचा शेवटचा व्यवहार २०२४-२५ मधला. म्हणजे अर्ज एप्रिल २०२७ नंतर. तोवर दरवर्षी ताळेबंद, ऑडिट, विवरणपत्रे, आणि त्याचा खर्च माझ्या खिशातून. बंद करणाऱ्याने सुरुवातीलाच पन्नास-साठ हजार बाजूला ठेवावेत, असे मुलांना सांगायला हवे. हे कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्टही आज नीट कळली. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे छोट्या उत्पादकाचे बिल मुदतीत दिले नाही आणि वर्षअखेरीलाही बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. अण्णांसारख्यांची देणी आम्हाला त्यात मोजावी लागली. पण आमच्या गिऱ्हाइकांवर आमच्या बाबतीत तो धाक नव्हता, कारण आमची उद्यम नोंदणी व्यापार म्हणून झाली होती आणि व्यापाऱ्याला उशिराच्या बिलाचे संरक्षण नाही. खाली पंचेचाळीस दिवस, वर पंचाण्णव. मधल्या पन्नास दिवसांत आम्ही उभे होतो. नोंदणी करताना एका रकान्यात मी काय निवडले, त्याचा हा अर्थ होता. सीए म्हणाले, सूत आपले, जोखीम आपली, नुसती विणाई बाहेरची, तेव्हा उत्पादक म्हणून नोंदणीचा मुद्दा तरी मांडता आला असता. तेव्हा मी विचारले नव्हते.

२३ जानेवारी, गुरुवार

आता एकच प्रश्न उरला होता: मला हे कधी कळू शकले असते?

जुने लॅपटॉप काढून प्रत्येक महिन्याची येणी लिहिली. पद्धत बाबांची, साधी: लोकांकडून यायचे असलेले पैसे भागिले रोजची विक्री. सप्टेंबर २०२३ मध्ये येणी १ कोटी २७ लाख, विक्री महिन्याला ४० लाख, म्हणजे दिवसाला एक लाख तेहेतीस हजार. भागाकार पंचाण्णव. तसेच मागे मागे गेले. मार्च २०२३ ला एकाहत्तर. ऑक्टोबर २०२२ ला चौपन्न. मार्च २०२२ ला एकतीस.

ऑक्टोबर २०२२. कंपनी बंद व्हायच्या पावणेदोन वर्षांहूनही आधी तो आकडा चौपन्नवर गेला होता, आणि आमची हद्द होती तीस. त्या महिन्याची माझी रोजनिशी उघडली. लिहिले आहे, ‘आतापर्यंतची सर्वांत मोठी ऑर्डर!’ पुढे उद्गारचिन्हे तीन.

काय घडले होते तेही आता दिसते. २०२२ च्या मे महिन्यात कापसाची खंडी लाखावर गेली होती, नंतर भाव उतरत गेले. चढ्या भावात कापड सांगितलेले गिऱ्हाईक माल उचलायला टाळाटाळ करू लागले, उचलला तर पैसे लांबवू लागले. त्यांचाही माल पडून होता, त्यांना मी दोष देत नाही. पण माझ्या हिशेबात माल गेला त्या दिवशी विक्री धरली जायची, म्हणून कागदावर नफा दिसत राहिला आणि बँकेतली शिल्लक घसरत राहिली. दोन आकडे उलट दिशांना चालले आहेत, हे दर महिन्याच्या सात तारखेला माझ्यासमोर असायचे. मी त्याला ‘वाढीचा ताण’ म्हणायचे. कंपनीतला माझा भागीदार म्हणायचा, आणखी एक गुंतवणूकदार आला की सुटेल. आला असता तर त्याचेही पैसे त्याच फेऱ्यात गेले असते.

तेव्हा करता येण्यासारखे काय होते? सूत आपण घेणे सोडायचे. गिऱ्हाइकाने स्वतःचे सूत द्यायचे, आम्ही माग जुळवायचे, कापड तपासायचे आणि मीटरला दीड-दोन रुपये घ्यायचे. तेव्हा मीटरमागे तीस रुपये अडकले नसते. विक्री चाळीस लाखांवरून दोनवर आली असती, आणि ते मला लहान वाटले असते. हा पर्याय जानेवारी २०२३ च्या एका बैठकीच्या टिपणात आहे. पुढे माझ्याच अक्षरात: ‘नको. उलाढाल दिसणार नाही.’

हे वाक्य लिहिणारी मी होते, हे मान्य करायला मला आजची संध्याकाळ लागली.

३० जानेवारी, गुरुवार

ओळख पाठवली. अशी:

‘मी भिवंडीची. वडील यंत्रमाग कारखान्यात मेहता होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मी एका भागीदारासह रिकाम्या मागांना काम मिळवून देणारी कंपनी काढली. महिन्याला लाख मीटर कापडापर्यंत ती पोचली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. आमचे कापड चांगले होते. मीटरला आम्हाला एक रुपया वीस पैसे सुटत होते, आणि अडकलेल्या पैशाचे व्याज दोन रुपये चाळीस पैसे होते. गिऱ्हाइकांकडचे पैसे किती दिवसांनी येतात हे मी मोजले असते, तर ऑक्टोबर २०२२ मध्येच मला ते कळले असते. मी ते मोजले नाही, म्हणून आमच्या कामावरच्या विणकरांना मजुरीसाठी सत्तर दिवस थांबावे लागले. सर्वांची देणी फिटली. गुंतवणूक करणाऱ्यांना निम्म्याहून कमी पैसे परत मिळाले. आता मी छोट्या कारखानदारांची येण्याची वही लिहिते.’

कॉलेजातल्या बाई तासाभराने बोलल्या. आवडले म्हणाल्या, पण विणकरांचे वाक्य जरा जड होते, काढले तर? मुलांनी खचू नये. मी म्हटले, बाई, नेमके ते राहू द्या. बाकीचे कुठलेही काढा. थोडा वेळ थांबून त्या ठीक आहे म्हणाल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

ओळखीतले शेवटचे वाक्य लिहिताना ते पुरते खरे नव्हते. आजपासून आहे. सकाळी नऊला अण्णांच्या कारखान्यात गेले. चोवीसपैकी एकोणीस माग चालू होते. आवाजात बोलता येत नाही, म्हणून अण्णांनी हातानेच पुढची खोली दाखवली. कांड्यांचे खोके बाजूला करून टेबल लावले होते.

वहीत पाच रकाने आखले. बीम मागावर चढले ती तारीख. कापड गेले ती तारीख. बिल किती. पैसे ठरले होते कधी. आले कधी. तीन व्यापाऱ्यांची अकरा बिले निघाली. आठ पंचेचाळीस दिवसांच्या आतली, दोन साठच्या पुढची. अकराव्याला एकशे सोळा दिवस झाले होते. अण्णांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, “हा तर माझा सगळ्यात चांगला माणूस. दर वर्षी दिवाळीला मिठाई पाठवतो.”

त्याला फोन लावायला सांगितला. अण्णा सदऱ्याला हात पुसत बाहेर गल्लीत गेले, आत काही ऐकू येत नाही म्हणून.